‘कुठेही जायला तयार’ म्हणणारा मुलगा

‘मॅडम, माझं बी.एस्सी. अ‍ॅग्री झालं आहे. बियाण्याच्या, खताच्या कंपन्यांमध्ये फील्ड ऑफिसरसाठी अर्ज करतोय. अर्जात ठळक अक्षरांत लिहितो की कुठेही फिरायची तयारी आहे. मुलाखतीतही तेच सांगतो. तीन ठिकाणी नकार आला. अजून काय लिहू म्हणजे त्यांना पटेल?’

मी समुपदेशक आहे. खरिपाआधी कंपन्यांची भरती सुरू झाली की माझ्याकडे असे फोन येऊ लागतात. विद्यापीठ राहुरीचं असो, अकोल्याचं असो की परभणीचं, प्रश्नातले शब्दही फारसे बदलत नाहीत. म्हणून एका मुलाची गोष्ट सविस्तर सांगते. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आम्ही सात वेळा भेटलो, त्यातलं मोजकंच इथे देते.

पहिल्या भेटीत त्याने अर्ज समोर ठेवला. त्यात तीन शब्द होते : कुठेही, कधीही, कितीही. मी त्या तीन ‘ही’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, ‘गडचिरोलीला जाशील?’

‘हो.’

‘उद्या?’

‘हो मॅडम.’

‘घरी कोण कोण असतं?’

इथे तो पहिल्यांदा थांबला. मेहकर तालुक्यात त्यांची आठ एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. वडिलांच्या गुडघ्यांना त्रास. बहिणीचं लग्न झालेलं. गेली तीन वर्षं पेरणीला तिफणीमागे तोच उभा राहत होता.

‘मुलाखतीत याबद्दल कोणी काही विचारलं?’

‘शेवटच्या मुलाखतीत विचारलं. सर म्हणाले, जूनमध्ये तुमच्या घरची पेरणी कोण करतं?’

‘तू काय सांगितलंस?’

‘म्हटलं, बघू सर, होईल काहीतरी.’

त्याला वाटत होतं की हा प्रश्न गप्पांच्या ओघात आला. मला मात्र त्या सगळ्या मुलाखतीतला हाच खरा प्रश्न वाटला. बियाणं कंपनीत फील्ड ऑफिसर वर्षभर फिरतो हे खरं, पण सारखंच फिरत नाही. एप्रिल-मेमध्ये गावोगावच्या शेतकरी सभा आणि कृषी सेवा केंद्रांत माल पोहोचवणं. जूनमध्ये विक्री आणि पेरणी. जुलैत उगवणीच्या तक्रारी. पुढे प्रात्यक्षिक प्लॉटवर शिवार फेरी, आणि मग दुकानदारांकडची वसुली. ज्या दोन-अडीच महिन्यांत कंपनीला माणूस रस्त्यावर हवा असतो, नेमकं तेव्हाच शेतकऱ्याच्या मुलाला घरचं शेत बोलावतं. मुलाखत घेणारे बहुतेक जण याच वाटेने आलेले असतात. ‘कुठेही’ या शब्दाने त्यांना काही कळत नाही. त्यांना जून कळला पाहिजे.

दुसऱ्या भेटीत मी त्याला सांगितलं, ‘आज तुझा अर्ज बाजूला ठेवू. हे वाक्य पूर्ण कर : मी कुठेही जायला तयार आहे, कारण...’

तो म्हणाला, ‘कारण मला नोकरी मिळालीच पाहिजे.’

‘आणि नाही मिळाली तर?’

‘चार वर्षं शिकवलं आबांनी. गावात तोंड कसं दाखवू?’

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांत वाढलेली समुपदेशक आहे. माणूस स्वतःशी कोणती वाक्यं बोलतो, त्यात हट्टाचा ‘च’ कुठे येतो, हे ऐकायची माझ्या कानांना वर्षानुवर्षांची सवय आहे. पण त्या दिवशी मला एक नवी गोष्ट दिसली, आणि तेव्हापासून ती मी अनेक मुलांच्या बोलण्यात पाहिली आहे : प्रत्येक ‘ही’च्या मागे एक ‘च’ उभा असतो. नोकरी मिळालीच पाहिजे, म्हणून मी कुठेही जाईन. माझी निवड झालीच पाहिजे, म्हणून मी कधीही निघेन. अर्जात ‘ही’ तयारीसारखा दिसतो. समोरच्या अनुभवी माणसाला त्यातली घाबरगुंडी ऐकू येते. घाबरलेला मुलगा दोन महिन्यांत नोकरी सोडून घरी परततो, आणि भर हंगामात त्याचा एरिया रिकामा पडतो, हे त्याने पाहिलेलं असतं.

हे मी त्याला तेवढ्याच शब्दांत सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, मी आबांना विचारलंच नाही. विचारलं आणि ते नाही म्हणाले तर?’

इथेच ते कुलूप उघडलं असं मी मानते. अर्ज चार महिने चालू होते, आणि ज्या माणसावर त्याचा जून अवलंबून होता त्याच्याशी एक शब्दही बोलणं झालं नव्हतं. नकाराची भीती त्याला कंपनीकडून नव्हती, वडिलांकडून होती. कंपन्यांचे नकार तो पचवत होता, कारण तोवर घरातला प्रश्न विचारावा लागत नव्हता. मी त्याला अर्जाचं काही काम दिलं नाही. एवढंच सांगितलं, ‘आबांना दोन प्रश्न विचारून ये. जूनमध्ये मी नसलो तर पेरणी कशी करायची? आणि वर्षात कोणत्या दिवसांत मी घरी असायलाच हवा?’

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा चेहराच वेगळा होता. आबा म्हणाले होते, ‘तुले कोन म्हनलं पेरणीले थांब? ट्रॅक्टरवाल्याले सांगतो मी. सोंगणीले मात्र चार दिवस ये.’

म्हणजे तयारीला आता आकार आला. जून-जुलै पूर्ण मोकळा, ऑक्टोबरमध्ये चार दिवस रजा. यापुढचं काम हिशोबाचं होतं आणि ते आम्ही कागदावर केलं.

दिवसाला ९० किलोमीटर आणि महिन्याला २४ दिवस धरले, तर २,१६० किलोमीटर होतात. त्याची गाडी लिटरला ५० देते, म्हणजे ४३ लिटर पेट्रोल. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर साडेचार हजार, त्यात ऑइल-सर्व्हिसिंग वेगळं. प्रवासखर्चाचं बिल महिना संपल्यावर भरायचं असतं आणि पैसे त्यानंतर येतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे नऊ-दहा हजार खिशात हवेत. अनेक मुलं नेमकी इथे कोलमडतात. फिरायची इच्छा असते, पण पेट्रोलला पैसे नसतात. मग दौरा कागदावरच होतो, आणि गाडीच्या मीटरचा फोटो किंवा मोबाइलवरचं लोकेशन ते उघडं पाडतं. त्याच्याकडे लर्निंग लायसन्स होतं, पक्कं काढायचं राहिलं होतं. ‘फिरायची तयारी आहे’ असं चार महिने लिहिणाऱ्या मुलाकडे! मी रागावले नाही. ज्या गोष्टीची भीती असते तिची तयारी माणूस पुढे ढकलतो.

चौथ्या भेटीत मी विचारलं, ‘शेतकऱ्यासाठी तू कधी मुद्दाम कुठे गेला आहेस?’ त्याने मान हलवली, अनुभव नाही म्हणाला. मग सातव्या सत्रातल्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाबद्दल, म्हणजे ‘कृषिदूत’ म्हणून गावात राहिला त्या दिवसांबद्दल, बोलता बोलता एक गोष्ट निघाली. एका शेतकऱ्याचं सोयाबीन विरळ उगवलं होतं आणि तो बियाण्याला दोष देत होता. हा मुलगा मित्राची गाडी घेऊन १४ किलोमीटरवर त्याच्या शेतात तीनदा गेला. न उगवलेल्या जागी माती उकरली, तर दाणे सात सेंटिमीटरवर सापडले. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की कोंब वर येताना दमतो, आणि वरून पाऊस होऊन माती बसली तर बाहेरच पडत नाही. शेतकऱ्याकडे थैलीत थोडं बियाणं उरलं होतं. त्यातले १०० दाणे त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. ७८ उगवले. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणजे बियाणं ठीक होतं, पेरणीयंत्र खोल लागलं होतं. शेतकऱ्याने मोकळ्या जागी पुन्हा टोकण केली.

‘हे अर्जात का नाही?’

‘त्याचं सर्टिफिकेट नाही मॅडम.’

मी त्याला ती गोष्ट पुन्हा, सावकाश सांगायला लावली. उगवणीची तक्रार आली की दुकानदार फोन बंद ठेवतो, शेतकरी संतापलेला असतो, आणि प्रकरण तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपर्यंत जाऊन पंचनामा होऊ शकतो. त्या दिवशी बांधावर जाणारा माणूस कंपनीला हवा असतो. शिव्या ऐकून घेणारा, माती उकरून पाहणारा, आणि दोष बियाण्याचा निघाला तर तेही वरिष्ठांना खरं कळवणारा. प्रवासाची तयारी म्हणजे हीच. किलोमीटर त्यानंतर येतात.

त्याने पक्कं लायसन्स काढल्यावर अर्जातलं ते ठळक वाक्य आम्ही काढलं. त्याच्या जागी त्याने स्वतः लिहिलं :

‘माझं घर मेहकर तालुक्यात आहे. बुलढाणा, वाशीम, अकोला, हिंगोली आणि जालना या जिल्ह्यांत मुख्यालय दिल्यास तिथे राहायला येईन. स्वतःची दुचाकी व पक्कं लायसन्स आहे. आठवड्यात तीन-चार रात्री मुक्काम करू शकतो. जून-जुलैमध्ये पूर्णवेळ उपलब्ध आहे, घरच्या पेरणीची सोय केली आहे. ऑक्टोबरमध्ये चार दिवस रजा लागेल.’ त्याखाली चार ओळींत ती सोयाबीनची गोष्ट.

रजेची ओळ ठेवायला तो बिचकत होता. मी आग्रह धरला. ज्या अर्जात एक मर्यादा खरी लिहिलेली असते, त्यातल्या बाकीच्या ओळींवरही विश्वास बसतो.

मुलाखतीत त्यानेही विचारायचे प्रश्न ठरवले : मुख्यालय कोणतं, तालुके किती, किलोमीटरला दर काय, मुक्कामाचा भत्ता वेगळा आहे का, आणि नेमणूक कंपनीच्या पगारपत्रकावर की एजन्सीमार्फत. मुलींना मी यात आणखी एक प्रश्न जोडायला सांगते : मुक्कामाची सोय कोण करतं? ‘घरचे सोडतील का?’ असं त्यांना हमखास विचारलं जातं. त्यावर चिडण्यापेक्षा कोणत्या तालुक्याच्या गावी राहणार आणि कोणत्या भागात मुक्काम न करता संध्याकाळी परत येता येतं, हे नकाशासकट सांगितलेलं मी जास्त उपयोगी पडताना पाहिलं आहे.

पुढची पहिली मुलाखत गेलीच. त्या कंपनीला त्याच्या पाच जिल्ह्यांबाहेर माणूस हवा होता आणि त्याने स्पष्ट नाही म्हटलं. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज पडलेला नव्हता. ‘नाही मिळाली मॅडम. पण मी नाही म्हणालो, त्यांनी नव्हे.’ मी त्या दिवशी फार समाधानाने घरी गेले. त्याच्या ‘मिळालीच पाहिजे’मधला ‘च’ गळून पडला होता.

दुसऱ्या कंपनीत सोयाबीनची गोष्ट ऐकून समोरच्या अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, ‘उकरलंस कशाने?’ तो म्हणाला, ‘खुरप्याने, सर.’ नेमणूक एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांची, मुख्यालय हिंगोली. पगार त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी होता. दोन दिवस विचार करून, आबांशी बोलून त्याने ती घेतली.

सातवी भेट जुलैतल्या एका बुधवारी ठरली होती. आदल्या रात्री त्याचा मेसेज आला : ‘मॅडम, उद्या जमणार नाही. सेनगाव तालुक्यात उगवणीची तक्रार आहे, सकाळी सातला बांधावर पोहोचायचं आहे. शुक्रवारी चारनंतर येतो.’