चोरी झाली म्हणून सोनार आपोआप सुटत नाही, त्या रात्री तुमचा हार नेमका कुठे होता ते आधी शोधा

प्रश्न: "आईचा हार कडी तुटली म्हणून सोनाराकडे दुरुस्तीला दिला होता. आणायला जायच्या आधीच त्यांच्या दुकानात रात्री चोरी झाली, त्यात हारपण गेला. सोनार म्हणतो चोरी झाली त्याला मी काय करू, आणि पावतीवर पण 'जबाबदारी नाही' असं छापलंय. खरंच काही मिळणार नाही का?"

उत्तर:

मिळू शकतं. पण मिळणारच असं मी म्हणणार नाही, कारण सगळं एकाच गोष्टीवर अडतं आणि ती तुमच्या प्रश्नात नाहीये. रात्री दुकान बंद झालं तेव्हा हार कुठे ठेवलेला होता? मी वकील आहे, अशा केसेस चालवल्यात, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यांदा हेच विचारते.

आधी कायदा थोडक्यात सांगते. दुरुस्तीला वस्तू दिली की तिची मालकी तुमचीच राहते, फक्त ताबा त्याच्याकडे जातो, काम झालं की ती परत द्यायची. याला बेलमेंट म्हणतात आणि ते भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 148 पासून पुढे आहे. त्यातलं कलम 151 तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ते म्हणतं की साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी त्याने तुमच्या वस्तूची घ्यायची. आणि कलम 152 म्हणतं की एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर वेगळा करार नसेल तर तो जबाबदार नाही. म्हणजे सोनार विमा कंपनी नाही, "काहीही झालं तरी भरून देईन" असं कायदा त्याच्यावर लादत नाही. पण "चोरी झाली" एवढं म्हटलं की विषय संपला असंही नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात, सोनार एफआयआरची कॉपी हातात देतो आणि माणूस गप्प घरी येतो.

आता पुढचा मुद्दा, जो माहीत नसल्यामुळे बरेच लोक केसच करत नाहीत. त्याचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करायचा नसतो. तुम्ही एवढंच दाखवायचं की हार दिला आणि परत मिळाला नाही. पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवायचं ओझं त्याच्यावर. कारण सरळ आहे, त्या रात्री शटर कुणी लावलं, किल्ली कुणाकडे होती, अलार्म चालू होता का, हे फक्त त्यालाच माहीत असतं, तुम्ही तिथे नव्हताच. पुरावा कायद्यात जुनं कलम 106 होतं तेच आता भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 मध्ये कलम 109 आहे, जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे ती त्यानेच सिद्ध करायची. लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिल या अपील कोर्टानेही 1978 मध्ये एका बंदरातून गहाळ झालेल्या मालाच्या केसमध्ये हेच धरलं, माल ज्याच्या ताब्यात होता त्याने काळजी सिद्ध करायची.

माझ्याकडे आलेली एक केस सांगते म्हणजे हे नीट कळेल. नावं सांगत नाही, एकदोन तपशील बदलतेय. एका बाईंनी माणिक जडवलेलं 38 ग्रॅमचं ब्रेसलेट फासा बसवायला दिलं होतं. रात्री शटरचं कुलूप कापून चोरी झाली. दुकानदाराचं म्हणणं तुमच्या सोनारासारखंच, आम्हीच लुटले गेलोय, तुम्हाला कुठून देणार. बाई जवळजवळ सोडूनच देणार होत्या. आम्ही पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल मिळवली आणि त्यात एक साधं वाक्य होतं, आतल्या खोलीतली तिजोरी बंद आणि शाबूत, कारागिराच्या टेबलाचे खण उचकटलेले. काचेच्या काउंटरमध्ये एकही दागिना नव्हता. म्हणजे चोराने काउंटर रिकामं केलं नव्हतं, ते दुकानदारानेच रात्री रिकामं करून स्वतःचा माल तिजोरीत ठेवला होता, आणि दुरुस्तीची पाकिटं मात्र लाकडी खणात.

ग्राहक आयोगात साक्ष बहुतेक प्रतिज्ञापत्रावरच चालते म्हणून आम्ही दुकानदाराला प्रश्न लेखी दिले. विक्रीचा माल रात्री कुठे ठेवता? तिजोरीत. का? चोरीच्या भीतीने. मग दुरुस्तीची पाकिटं? ती कारागिराला सकाळी लगेच लागतात म्हणून खणातच राहतात. या शेवटच्या उत्तरावर केस तिथेच फिरली. कलम 151 चा प्रश्नच हा आहे की तेवढ्याच किमतीचं स्वतःचं ब्रेसलेट तुम्ही त्या खणात ठेवलं असतं का, आणि त्यांनी आपल्याच हाताने लिहून दिलं होतं की नाही ठेवलं. तिजोरी होती, जागा होती, चोरीचा धोका माहीत होता, फक्त सकाळची पाच मिनिटं वाचवायला दुसऱ्याचा दागिना बाहेर ठेवला. हे मला आजही चीड आणतं, कारण ती पाकिटं कुणाच्या तरी आईची, आजीची असतात.

यात नवीन काही नाही. इंग्लंडमध्ये 1818 साली घड्याळजीची अशीच केस झाली होती, दुरुस्तीला आलेलं घड्याळ त्याने दुकानातल्या खणात ठेवलं, स्वतःची घड्याळं जास्त मजबूत जागी, आणि दुकानात झोपणाऱ्या नोकरानेच ते चोरलं. घड्याळजी जबाबदार ठरला.

आता दुसरी बाजू, कारण तुम्हाला खोटी आशा लावायची नाहीये. समजा तुमचा हार बाकीच्या मालासोबत तिजोरीतच होता, शटरला नीट कुलपं होती, अलार्म चालू होता, आणि तरीही चोरांनी तिजोरी कापून सगळं नेलं, तर कलम 152 त्याच्या बाजूने आहे. दिवसा हत्यार दाखवून लुटलं असेल तर बहुतेक तसंच. फक्त एक लक्षात ठेवा, त्याचाही माल गेला हा त्याच्या बाजूचा मुद्दा जरूर आहे पण शेवटचा नाही. कलमातलं माप "साधारण शहाणा माणूस" आहे, तो स्वतः किती बेफिकीर आहे ते नाही. स्वतःचं सोनंही जो रात्री काचेच्या कपाटात ठेवतो, तो "माझंही गेलं" म्हणून सुटू नये.

चोरी आतल्याच माणसाने केली असेल तर मात्र गणित बदलतं. ज्या कारागिराच्या हातात तुमचा हार कामासाठी दिला होता त्यानेच तो पळवला, तर मालक "मी तर चांगली कुलपं लावली होती" म्हणून हात झटकू शकत नाही. 1965 मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टात एका फरच्या वस्त्राची केस झाली, साफ करायला दिलेलं ते वस्त्र ज्या नोकराच्या हाती सोपवलं त्यानेच चोरलं, आणि साफ करणारी कंपनी जबाबदार ठरली. म्हणून शटर, कुलूप काहीच तुटलेलं नसेल तर ते पंचनाम्यात नीट बघा.

तुमच्या प्रश्नात "आणायला जायच्या आधीच" असं आहे, तिथे मी थांबले. हार कधी मिळणार होता? पावतीवर शनिवार लिहिलेला, शनिवारी तुम्ही गेलात, "कारागीर आला नाही, मंगळवारी या" असं सांगितलं आणि सोमवारी चोरी झाली, असं काही असेल तर केस खूपच मजबूत होते. कलम 161 प्रमाणे त्याच्या चुकीमुळे वेळेवर परत दिलं नाही तर त्या वेळेपासून पुढच्या नुकसानीला तो जबाबदार, तिथे तिजोरी आणि अलार्मची चर्चाच मागे पडते. तुम्ही त्याला विचारलेले मेसेज, "अजून दोन दिवस लागतील" असं त्याचं उत्तर, हे सगळं जपून ठेवा. पण हार तयार होता, तसं त्याने कळवलंही होतं आणि तुम्हीच गेला नाहीत, तर या कलमाचा उपयोग नाही, मग परत 151 वर यावं लागेल.

पावतीवरच्या छापील ओळीला घाबरू नका, पण ती कचऱ्यातही टाकू नका. कलम 151 ची जबाबदारी कराराने कमी करता येते का यावर कोर्टांची मतं एकसारखी नाहीत, काही निकालांत अशी अट चालली आहे. पण ती तुम्ही मान्य केली होती हे दाखवावं लागतं. वस्तू दिल्यानंतर हातात ठेवलेल्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेली, सही नसलेली ओळ म्हणजे आपोआप करार होत नाही. तुम्ही तिच्याखाली सही केली असेल तर ते वकिलाला आधीच सांगा.

मग आता करायचं काय. पहिलं म्हणजे एफआयआरमध्ये तुमचा हार वेगळा लिहिलाय का ते बघा. पुष्कळदा दुकानदार आपला माल तपशीलवार लिहितो आणि ग्राहकांचा "दुरुस्तीची काही पाकिटं" एवढ्यावर भागवतो. तसं असेल तर लगेच पोलिसांना लेखी पुरवणी जबाब द्या, वजन, नक्षी, फोटो सगळं. उद्या मुद्देमाल सापडला तर तुमचा हार तुमचा म्हणून ओळखता आला पाहिजे, नाहीतर तो दुकानदाराच्या मालात जाईल.

दुसरं, सोनाराला लेखी विचारा, तोंडी नाही. हार रात्री कुठे होता, तिजोरीत होता का, त्याचा विमा आहे का आणि त्यात ग्राहकांचा माल धरलाय का. सराफांच्या विमा पॉलिसीत रात्री तिजोरीबाहेर ठेवलेला माल सहसा धरत नाहीत, म्हणून विम्याला त्याने काय लिहून दिलंय आणि तुम्हाला काय सांगतोय यात फरक असेल तर तो फरकच तुमचा पुरावा.

किमतीचं भांडण नक्की होणार. पावतीवर नुसतं "1 हार, रिपेर" असेल तर वजन, खडे खरे की काचेचे, यावर तो भांडेल. त्या ब्रेसलेटच्या केसमध्ये आम्हाला जुनं खरेदीचं बिल आणि समारंभातला एक जवळून काढलेला फोटो यांनीच वाचवलं, माणकं काचेची होती हे म्हणणं त्यामुळे टिकलं नाही आणि सोन्यासोबत खड्यांचीही किंमत मंजूर झाली. तुमच्या आईकडे जुनं बिल, लॉकरची यादी, तो हार घातलेले फोटो, जे असेल ते आजच एका जागी करा.

ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षं असतात. तेवढं थांबू नका, कारण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांतच पुसलं जातं. सोनाराला पाठवाल त्या नोटिशीत पहिल्याच परिच्छेदात ते जपून ठेवायला सांगा, चोरीच्या रात्रीचं तर हवंच, पण त्याआधीच्या संध्याकाळचं दुकान बंद करतानाचं जास्त महत्त्वाचं, त्यात पाकिटं तिजोरीत गेली की खणात राहिली ते दिसेल.