सकाळची पिवळी लघवी आणि सहा लिटर पाणी

"मॅडम, दिवसाला सहा लिटर पाणी पितो तरी सकाळची लघवी गडद पिवळी असते. किडनी जात नाहीये ना माझी?"

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. हा तिशीतला, आयटीतला. काका डायलिसिसवर गेल्यापासून हे सुरू झालं. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, किडनीच्या या दोन्ही टेस्ट नॉर्मल, डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलेला. मोबाईलमध्ये रोजच्या लघवीचे फोटो, तारखेवार!

"एवढं पाणी कशाला?"

"किडनी धुऊन निघते ना."

"दिवसाला किती गाळते माहितीये?"

"सहा लिटर? मी पितो तेवढं?"

"साधारण 180."

तो गप्पच झाला. शरीरात रक्ताचा पातळ भाग जेमतेम तीन लिटर, तोच पुन्हा पुन्हा फिरून येतो. एकेका किडनीत दहाएक लाख बारीक गाळण्या, त्यातून पाणी, मीठ, साखर, युरिया खाली उतरतं, रक्तपेशी आणि बहुतेक प्रोटीन वरच राहतं. मग पुढच्या नळीत खरी गंमत, जवळजवळ सगळं पाणी, मीठ आणि साखर परत रक्तात ओढून घेतलं जातं आणि लघवी म्हणून दीड-दोन लिटरच बाहेर पडतं. जास्तीचं पाणी प्यायलं तर नळ्या ते परत घेत नाहीत, नुसतं सोडून देतात, धुणंबिणं काही होत नाही. उलट तासाला लिटरभराच्या वर पाणी किडनीला बाहेर टाकता येत नाही, घटाघटा त्याहून जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, फारच झालं तर फिटसुद्धा येते.

माझी पद्धत अशी की भीतीशी वाद घालत बसायचं नाही, आधी सवय बदलायची. ठरवलं, तहान लागली की प्यायचं. (मुतखडा असेल किंवा डॉक्टरांनी पाण्याचं माप दिलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.) तीन आठवड्यांनी तो स्वतःच बोलता बोलता थांबला.

"रात्री मी सात तास काही पीतच नाही. मग सकाळची पिवळी म्हणजे... ती पाणी वाचवतेय?"

हो! मला खुर्चीतून उठावंसं वाटलं, खरं सांगते. पाणी कमी पडलं की मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी एक हार्मोन सोडते, त्याने नळ्या पाणी जास्त ओढतात. पिवळा रंग तेवढाच, पाणी कमी, म्हणून गडद. लोणचं-पापड जास्त खाल्लं की तहान लागते तीही याच हिशोबातली, मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. आणि किडनी खरंच बिघडायला लागते तेव्हा बऱ्याचदा हीच पाणी वाचवायची ताकद आधी कमी होते, लघवी फिकी होते, रात्री उठावं लागतं. म्हणजे तो ज्याला घाबरत होता ते किडनीचं कसब होतं.

पण निव्वळ रंगावरून किडनी कळत नाही, सुरुवातीचा आजार मुकाच असतो. शुगर, बीपी असेल किंवा घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर वर्षातून एकदा त्या दोन टेस्ट कराव्यात. सतत फेस, कोकसारखा रंग, पायावर सूज दिसली तर लगेच डॉक्टर.

पाणी तिसऱ्या आठवड्यातच कमी झालं, फोटो डिलीट करायला मात्र अजून दोन सेशन लागली.