जुन्या एसडी चॅनलसाठी शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन

आधी शार्पनेसला हात घाल, नॉइज रिडक्शन नंतर. फ्री डिशवरचा एसडी चॅनल मोठ्या फोरके टीव्हीवर ताणला जातो आणि त्यात शार्पनेस चढवलेला असला की चित्रासोबत दाणेपण टोकदार होतात, मग आपण ते घालवायला नॉइज रिडक्शन वाढवतो, म्हणजे एकाच दाण्यावर दोन सेटिंगांची मारामारी. खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीकडे बघ, अक्षरांभोवती पांढरी कड दिसते ना, ती जाईपर्यंत शार्पनेस उतरव. पण सरळ शून्यावर नको नेऊस, काही टीव्हींमध्ये मधला आकडा न्यूट्रल असतो आणि त्याखाली चित्र मुद्दाम धूसर होतं.

मग नॉइज रिडक्शन लो. बऱ्याच टीव्हीत एमपेग नॉइज रिडक्शन वेगळं असतं, ते चौकोनी ठोकळे आणि अक्षरांभोवतीची वळवळ कमी करतं, साधं वालं नाचणाऱ्या दाण्यांसाठी. हे साधं वालं मागच्या फ्रेमशी तुलना करून दाणे पुसतं, म्हणून हाय केलं की क्रिकेटमध्ये बॉलमागे शेपूट दिसतं, कॅमेरा फिरला की गवताचा हिरवा गालिचा होतो. जुन्या सिनेमात तर अजून जपून, तिथले दाणे फिल्मचेच असतात, ते गेले की चेहरा मेणाचा आणि साडीची वीण गायब.

एचडी चॅनलला दोन्ही नॉइज रिडक्शन ऑफ. सेटटॉप बॉक्सचे एसडी आणि एचडी चॅनल एकाच एचडीएमआयवरून येतात ना, म्हणून एसडीसाठी वेगळा पिक्चर मोड सेट करून ठेव.