मिनिट्स बुक टाईप करताना एका ओळीत सभा नव्हे, एक ठराव

प्रश्न: आमच्या म्हापशाच्या सोसायटीची वीसेक वर्षांची हातानं लिहिलेली मिनिट्स बुकं आहेत. ती टाईप करून तारीख आणि ठराव पटकन शोधता येतील असं कसं करायचं?

फोंड्याच्या आमच्या सोसायटीच्या तीन वह्या मी अशा उतरवल्या आहेत. पहिली वही मी 'एक सभा, एक फाईल' अशी टाईप केली आणि ती सगळी पुन्हा करावी लागली. लोक सभा शोधत नाहीत, ठराव शोधतात. 'गच्चीच्या गळतीचं काय ठरलं होतं?' असं विचारतात. म्हणून स्प्रेडशीट घ्या आणि एका ठरावाला एक ओळ द्या. रकाने थोडेच ठेवा: सभेची तारीख, सभा कमिटीची की सर्वसाधारण, वहीचं पान, ठराव क्रमांक, ठरावाचे वहीतले शब्द जसेच्या तसे, विषय, आणि शेवटी 'दुरुस्ती किंवा बदल'.

हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या वहीत 8 मार्च 1998 च्या सभेत ठराव 4 असा आहे: मेंटेनन्स दरमहा रु. 175. पुढची सभा 5 एप्रिलची. तिथं मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना एक ओळ लिहिली आहे, 'ठराव 4 मध्ये रु. 175 ऐवजी रु. 200 असे वाचावे.' मूळ पानावर खाडाखोड नाही. मार्चचं पान एवढंच टाईप केलं असतं तर चुकीचा दर हाती आला असता. म्हणून प्रत्येक सभेचा 'मागील इतिवृत्त' हा परिच्छेद नीट वाचा. दुरुस्ती सापडली तर मूळ शब्दांना हात न लावता शेवटच्या रकान्यात 'पाहा 1998-04-05' असं लिहा.

ठराव क्रमांक आमच्याकडे प्रत्येक सभेला पुन्हा 1 पासून सुरू होतात, तुमच्याकडेही बहुधा तसंच असेल. नुसतं 'ठराव 3' म्हटलं तर काहीच कळत नाही. तारखेसकट `1998-03-08/4` असा क्रमांक द्या.

तारखांचा घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला म्हणजे अंक. देवनागरी ५ घाईत लिहिला की इंग्रजी 4 सारखा दिसतो, आणि सेक्रेटरी बदलला की अंकही बदलतात. दुसरा घोळ जानेवारीत. आमच्या वहीत 'रविवार दि. 10/1/98' असं लिहिलंय, पण ते पान 6 डिसेंबर 1998 च्या सभेनंतर येतं. 10 जानेवारी 1998 ला शनिवार होता, 1999 ला रविवार. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातून जुनंच साल गेलं. अशा चुका पकडायला ओळी वहीच्या पानांच्या क्रमानं ठेवा, तारीख `1999-01-10` अशी टाईप करा (10/1/99 लिहिलं तर काही कॉम्प्युटर 1 ऑक्टोबर समजतात), आणि तारखा A रकान्यात असतील तर शेजारच्या रिकाम्या रकान्यांत हे घाला:

```
=TEXT(A2,"dddd")
=IF(A3<A2,"तपासा","")
```

पहिल्यानं वार कळतो, तो वहीशी ताडून पाहा. दुसरं तिसऱ्या ओळीत घालून खाली ओढा, तारीख मागं गेली की ओरडतं. दुरुस्त तारीख रकान्यात आणि वहीत काय लिहिलंय ते शेरा म्हणून, दोन्ही ठेवा.

आता शोधण्याबद्दल. टायपिंग बाहेर देणार असाल तर युनिकोडमध्येच हवं असं आधी बजावा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम छापायला सुंदर दिसतं, पण शोधलं तर काही मिळत नाही. युनिकोडमध्येही एक गोची आहे: 'पायऱ्या', 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो, दिसतो सारखाच, पण शोधताना जुळत नाही. आमच्याकडे दोघांनी टाईप केलं तेव्हा निम्म्या 'पायऱ्या' सापडेनात. त्यासाठीच विषयाचा रकाना: पंधरा-वीस शब्द ठरवा (गळती, पार्किंग, पाणी, मेंटेनन्स, रंगकाम) आणि तेच वापरा. आमच्या एका सेक्रेटरीनं काही वर्षं रोमी कोंकणीत लिहिलंय. ते तसंच उतरवलं, विषय मात्र मराठीत दिला, त्यामुळे 'पार्किंग' म्हटलं की तीही पानं येतात. न वाचता आलेल्या शब्दाच्या जागी [अस्पष्ट] लिहा, अंदाज नको, विशेषतः रकमेत.

कामाला लागण्याआधी दिवसा खिडकीपाशी प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याला पान क्रमांकाचं नाव द्या. पावसाळ्यापूर्वीच करा, आमच्या एका वहीची शाई दमट हवेनं पसरली होती. मूळ वही मात्र जपूनच ठेवा. सह्या तिच्यावर आहेत, वाद झाला तर तीच दाखवावी लागेल. टाईप केलेल्या ओळीनं तुम्हाला फक्त नेमक्या पानावर न्यायचं आहे.