दारातलं पहिलं अर्ध मिनिट

प्रश्न: गोव्यात माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. आलेल्या गिऱ्हाईकाचं दारात आपुलकीनं स्वागत व्हावं, पण आम्ही मागे लागलोय असं त्याला वाटू नये. दुकानात कामाला असलेल्या मुलामुलींना हे कसं शिकवू?

म्हापशाच्या एका कपड्यांच्या दुकानात मी आधी बरीच वर्षं काउंटरवर होते. आता नव्यानं येणाऱ्या मुलींना तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे अनुभवाचंच सांगते.

पहिल्यांदा दारात उभ्या राहणाऱ्या मुलांना तिथून आत घ्या. आपल्याकडे गिऱ्हाईक कसं येतं ते आठवून बघा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं, स्कूटर लावून माणूस हेल्मेट काढत आत शिरतो, चष्मा पुसतो. पावसाळ्यात छत्री मिटवून रेनकोट झटकतो. त्या क्षणी तुम्ही काही बोललात तर ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुकानांतल्या वागणुकीचा अभ्यास करणारे अमेरिकेतले पाको अंडरहिल यांनी हेच सांगितलं आहे, की दाराच्या आतला पहिला टप्पा हा माणूस बाहेरून आत 'येण्याचा' असतो आणि तिथे ठेवलेला माल किंवा बोललेला शब्द बहुधा वाया जातो. मी जमिनीवर चिकटपट्टीची एक रेघ मारते, आमच्या दुकानात ती उंबऱ्यापासून तीन पावलांवर आहे. गिऱ्हाईक ती ओलांडेपर्यंत बोलायचं नाही. फक्त मान वर करून एकदा त्याच्याकडे बघायचं आणि हसायचं. पावसात मात्र एक वाक्य आधी चालतं: "छत्री बादलीत ठेवा." ते बोलणं कामाचं असल्यानं कुणाला खटकत नाही.

रेघ ओलांडली की नमस्कार. इथे सगळ्यात जास्त चूक होते. आपल्याकडे तोंडात बसलेला शब्द म्हणजे "कितें जाय?" मराठी गिऱ्हाईक असलं तर "काय पाहिजे?" प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ज्याचं अजून काही ठरलंच नाही तो "मागीर येतां" किंवा "नुसतं बघतोय" म्हणून मोकळा होतो. एकदा ते तोंडातून गेलं की पुढे खरंच मदत लागली तरी त्याला बोलवायला संकोच वाटतो. म्हणून पहिल्या वाक्यात प्रश्न नको. "येयात, पळयात" पुरे. मराठी माणसाला "या, बघा निवांत" म्हणा. आणखी एक, दारात नात्याची हाक नको. चाळिशीच्या बाईला वीस वर्षांच्या मुलीनं "काकू" म्हटलं की ती तिथेच नाराज होते, हे मी कितीदा पाहिलंय. मॅडम म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. ओळख झाली की हाक आपोआप येते.

शब्दांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर शरीर काय करतं. पेडण्याहून येणाऱ्या एका मुलीचं सांगते. पोरगी गुणी, बोलायला गोड, पण गिऱ्हाईकाच्या मागे दीड हातावर चालायची. बाई कुर्ता खाली ठेवते न ठेवते तोच ही तो उचलून घडी घालायची. खोदून विचारल्यावर कळलं, की आधीच्या दुकानात गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की तिलाच बोलणी बसायची. तिला "मागे लागू नकोस" सांगून काही उपयोग नव्हता. मागे लागायचं नाही, तर मग करायचं काय, हे सांगायला हवं होतं.

मी तिच्या हाती दहा-बारा कुर्त्यांचा गठ्ठा दिला आणि रॅकपाशी आडवं उभं केलं, म्हणजे खांदा दाराकडे आणि तोंड गठ्ठ्याकडे. मग मीच गिऱ्हाईक होऊन आत आले, बाहेर गेले, पुन्हा आले. नियम एवढाच होता: बघायचं, हसायचं, "या, बघा निवांत" म्हणायचं आणि नजर लगेच परत घडीवर न्यायची. मनात वीसपर्यंत मोजून होईपर्यंत मान वर करायची नाही. पहिल्या चार-पाच वेळा शब्द बरोबर आले, पण डोळे माझ्यावरच चिकटलेले राहिले. तोंडानं निवांत म्हणायचं आणि डोळ्यांनी पहारा द्यायचा, तर गिऱ्हाईकाला पहाराच कळतो. मग मी तिला गिऱ्हाईक केलं आणि मी तिच्यासारखी टक लावून उभी राहिले. "ताई, कसंतरीच वाटतं हो," म्हणाली. त्यानंतर ती सुधारली. रोज दुकान उघडल्यावर दहा मिनिटं, असं आठवडाभर केलं.

दुसऱ्यांदा जवळ कधी जायचं, हे घड्याळावर ठरत नाही, हातांवर ठरतं. एकच कपडा दोनदा हातात घेतला, कॉलरच्या आत साइज शोधली, आरशासमोर अंगाला लावून बघितला, किंवा मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, की ते बोलावणं समजायचं. नुसतं हँगरवरून हात फिरवत पुढे चाललेल्या माणसाला मात्र सोडून द्यायचं. जाताना समोरून किंवा बाजूनं जायचं, पाठीमागून कधीच नाही. आणि इथेही प्रश्नाऐवजी माहिती द्यायची. त्याच मुलीनं एका शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीत, एका बाईंना निळ्या कुर्त्याचं लेबल उलटून बघताना पाहिलं. हातातली घडी पुरी केली, बाजूनं गेली आणि म्हणाली, "यात डबल एक्सएलपर्यंत आहे, मागच्या रॅकवर." एवढं बोलून पुन्हा आपल्या जागी आली. थोड्या वेळानं बाईंनीच हाक मारली, "बाय, ट्रायल रूम कुठे?"

हे सगळं उघड्या रॅकच्या दुकानाचं झालं. साड्या गादीवर उलगडून दाखवायच्या असतील तर माणसाशिवाय गिऱ्हाईकाला काही दिसणारच नाही. तिथे आधी "बसा", मग पाणी, आणि तिसऱ्या वाक्याला कार्य कुणाचं हे विचारायला हरकत नाही.

आता तुमच्याबद्दल. गल्ल्यावरून मालकानं "अगे, गिऱ्हाईक बघ!" अशी हाक दिली की मी शिकवलेलं सगळं पाण्यात जातं. गिऱ्हाईकालाही ते ऐकू येतं. ती हाक बंद करा. कमिशन प्रत्येकाच्या नावावर वेगळं असेल तर दोघी एकाच बाईकडे धावतात. आम्ही विक्रीवरचं कमिशन दुकानात त्या दिवशी असलेल्यांत सारखं वाटायला लागलो, तेव्हा ते थांबलं. चोरीची भीती वाटत असेल, तर आडवं उभं राहून घडी घालणाऱ्या मुलीला डोळ्याच्या कोपऱ्यातून अर्धं दुकान दिसतं. शिवाय आल्याआल्या आपल्याला कुणीतरी पाहिलंय, हे आत शिरणाऱ्यालाही कळलेलं असतं.

काही न घेता निघालेल्या माणसाला मुली कशा बोलतात, तेही तपासा. "या हं परत" म्हणताना आवाज येतानाच्या इतकाच मोकळा हवा. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसा आणि तिथून आपल्या दाराकडे बघा. बाहेर पडणारा माणूस पायरीवर थांबून काचेतला कपडा पुन्हा बघतो, की मान खाली घालून झपझप रस्त्याला लागतो, ते तिथून स्वच्छ दिसतं.