भाडेकरूला फ्लॅट सोडायला सांगताना

भाडेकरूला द्यायच्या पत्राचा तुझा ड्राफ्ट वाचला, आई-बाबा गावाहून कायमचे पुण्यात येतायत, बाबांना जिने चढवत नाहीत म्हणून तुमचाच लिफ्टवाला फ्लॅट हवाय, हे सगळं छान लिहिलंयस. पण शेवटी "तुमच्या सोयीने सावकाश बघा" लिहिलंस ना, ते आधी काढ. मीही एकदा अगदी हेच लिहिलं होतं, करार संपला तरी माझे भाडेकरू राहिले, मी दर महिन्याला भाडं घेत गेले, आणि चार महिन्यांनी विषय काढला तर ते म्हणाले, ताई तुम्हीच तर सावकाश म्हणालात. त्यांचं काय चुकलं सांग, मी तारीखच दिली नव्हती.

तुझा लीव्ह अँड लायसन्स ३१ जानेवारीला संपतोय. त्या तारखेला ताबा मागायचा हक्क तुला आहेच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ मध्ये तर मुदतीनंतर राहिलं तर दुप्पट भाड्याची तरतूद आहे. पण ते पत्रात घालू नकोस प्लीज, पहिल्याच पत्रात कायदा दिसला की माणूस घर शोधायच्या आधी वकील शोधतो.

त्यांची मुलगी दहावीला आहे म्हणालास. म्हणजे फेब्रुवारी-मार्च बोर्डाची परीक्षा, अशात सामान कोण हलवणार रे? तू १५ एप्रिल दे. फक्त हे अडीच महिने तोंडी नको, तेवढ्याच मुदतीचा नवा करार रजिस्टर कर, कलम ५५ प्रमाणे रजिस्ट्रेशन लागतंच आणि ती जबाबदारी मालकाची, म्हणजे तुझी. खर्चही तूच कर, मुदत तू देतोयस.

मी असं लिहिलं असतं बघ: "आई-बाबा इथे राहायला येत असल्यामुळे फ्लॅट आम्हाला लागणार आहे. मुलीची परीक्षा निवांत होऊ दे, १५ एप्रिलला किल्ली द्या. त्याआधी घर मिळालं तर राहिलेल्या दिवसांचं भाडं घेणार नाही."

आणि डिपॉझिट. त्यांचे साठ हजार तुझ्याकडे अडकलेत आणि नव्या मालकाला टोकन, डिपॉझिट आधी लागतं, बरेचदा लोक हलत नाहीत ते इथेच अडकून. नवं घर पक्कं झालं की तीस हजार ट्रान्सफर कर, बाकीचे किल्ली हातात आल्यावर, लाइट बिल बघून, त्याच दिवशी. हेही पत्रात लिही.

पत्र आत्ता नोव्हेंबरातच दे. आधी घरी जाऊन समोरासमोर सांग, मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव आणि एक प्रत स्पीड पोस्टने, पावती जपून ठेव. पोस्टाने येणार आहे हे त्यांना आधी सांग, नाहीतर दारात पोस्टमन बघून घाबरतील.

कारण मात्र खरंच हेच आहे ना? जास्त भाड्यासाठी काढत असशील तर आई-बाबांचं नाव घेऊ नकोस, दोन महिन्यांत तोच फ्लॅट साइटवर दिसला की त्यांना कळतंच.