राजीनाम्यात तारीख कशी लिहायची

प्रिय बाळ,

तुझा ड्राफ्ट वाचला. बाबांबद्दल लिहिलेलं वाचून काही वेळ तसाच बसून राहिलो. पण एक वाक्य बदलल्याशिवाय हे पत्र पाठवू नकोस. तू लिहिलंयस, "माझ्या लास्ट डेबद्दल मी फ्लेक्सिबल आहे, कंपनीला सोयीचं असेल तेव्हा रिलीव्ह करावं." अगं, ही फ्लेक्सिबिलिटी तुला हवी आहे आणि तू ती त्यांच्या हातात देऊन टाकलीस.

माझ्या आईच्या वेळी मीही असंच लिहिलं होतं, लवकरात लवकर सोडा म्हणून. चौथ्या दिवशी सोडलं आणि त्याच दिवशी ग्रुप मेडिक्लेममधून आईचं नाव गेलं, ती तेव्हा ॲडमिट होती, पुढचं सगळं बिल खिशातून भरलं. पॉलिसी कंपनीची असते, आपण कर्मचारी आहोत तोवरच आईवडील त्यात असतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आता तुझा हिशोब बघू. नोटीस ६० दिवसांची, तू ३ नोव्हेंबरला पत्र दिलंस तर तो दिवस धरून १ जानेवारीला संपते. (तुमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून मोजतात का ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघ.) तू जॉइन झालीस १५ डिसेंबरला, म्हणजे येत्या १४ डिसेंबरला पाच वर्षं पूर्ण होतात, आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी लागू होते. बेसिक आणि डीए मिळून ३१,२०० धरले तर २६ ने भागून १५ ने गुणायचं, १८,००० झाले, पाच वर्षांचे ९०,०००. आता समज त्यांनी तुला ३० नोव्हेंबरलाच मोकळं केलं. चार वर्षं २४० दिवस झाले तरी चालतं असं काही कोर्टांनी म्हटलंय खरं, पण बाबांचं डायलिसिस सांभाळत तू कुठे भांडत बसणार?

म्हणून पत्रात दोन तारखा हव्यात, एक शेवटची आणि एक त्याआधी नको अशी. असं काहीसं लिही, इंग्रजीत तू करशीलच:

"वडिलांच्या आजारपणामुळे मला ग्वाल्हेरला राहणं आवश्यक आहे, म्हणून मी राजीनामा देत आहे. नोटीसनुसार माझा शेवटचा दिवस १ जानेवारी आहे. हँडओव्हर आधी पूर्ण झाल्यास मला १६ डिसेंबरला मोकळं करावं ही विनंती, त्याआधी नाही. उरलेले १६ दिवस माझ्या शिल्लक १८ अर्न्ड लीव्हमधून ॲडजस्ट करावेत. तोपर्यंत मंगळवार, गुरुवार, शनिवार मी ग्वाल्हेरहून पूर्ण दिवस काम करेन, सोमवार, बुधवार, शुक्रवार वडिलांच्या डायलिसिसमुळे फक्त संध्याकाळी दोन तास कॉलवर असेन."

बघ, आजाराबद्दल एकच ओळ आहे, क्रिएटिनिनचे आकडे आणि रिपोर्ट जोडायची गरज नाही. मॅनेजरला सहानुभूती असेल तर तेवढ्यातही होते. त्याला खरं तर कळायला हवं की कुठल्या दिवशी तू मिळशील, आणि वाराची नावं लिहिली की त्याला हो म्हणणं सोपं जातं, "थोडं ॲडजस्ट करा" म्हटलं की तो एचआरकडे ढकलतो.

लीव्ह ॲडजस्ट करणं त्यांच्या मर्जीवर असतं हे लक्षात ठेव. नाही म्हणाले तर १६ दिवसांचे पैसे कापतील, ते बेसिकवर की ग्रॉसवर हे आधी विचार, फरक मोठा पडतो. आणि ॲडजस्ट केले तर रजेचे पैसे फक्त दोन दिवसांचे मिळतील, तेव्हा फुलफायनलचा आकडा बघून दचकू नकोस.

१६ डिसेंबर की १ जानेवारी, हे मात्र मेडिक्लेमवरून ठरव. तुमच्या पॉलिसीत बाबांचं डायलिसिस कॅशलेस होतंय ना, मग ते पंधरा-सोळा दिवस म्हणजे सहा-सात सेशन. घरून काम द्यायला ते तयार झाले तर १ जानेवारीपर्यंत थांब, मला तरी तेच बरं वाटतंय. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बाबांना नेता येईल का ते आजच विचार, कव्हर संपल्यावर अर्ज करून उपयोग नाही, आणि किडनीचा त्रास बघून ते नकार देऊ शकतात किंवा प्रीमियम चढवू शकतात, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नकोस.

मॅनेजर तोंडी हो म्हणाला की लगेच मेल टाक, "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून, आणि कॉपी स्वतःच्या मेलवर ठेव, ऑफिसचा मेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो. पोर्टलवर लास्ट वर्किंग डेचा रकाना भरताना १ जानेवारीच टाक, सिस्टीम तीच तारीख धरते, पत्रात काही का लिहिलेलं असेना.

रविवारी रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेरला निघतेयस ना, त्याआधी टिळकनगरला घरी ये, अपॉइंटमेंट लेटर घेऊन. काकू बाबांसाठी बिनमिठाचं काहीतरी करून ठेवणार आहे, पण त्यांना काय चालतं ते डाएटिशियनला विचारून आधी कळव.

तुझा,
काका